दीड अंशात काय काय मावते

१९३८ साली लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे एक निबंध सादर झाला. लिहिणारा हवामानशास्त्रज्ञ नव्हता. गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर पेशाने वाफेच्या यंत्रांचा अभियंता होता आणि हवामान हा त्याचा फावल्या वेळचा ध्यास होता. जगभरच्या १४७ ठिकाणांच्या तापमानाच्या जुन्या नोंदी त्याने जमवल्या. संगणक नव्हते, त्यामुळे सगळी आकडेमोड हाताने केली. निष्कर्ष असा निघाला, की गेल्या पन्नास वर्षांत पृथ्वीवरची जमीन सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने तापली आहे, आणि त्यात माणसाने जाळलेल्या कोळशातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा आहे.

जमलेल्या तज्ज्ञांना ते पटले नाही. खुद्द कॅलेंडरलाही ही वाढ धोक्याची वाटली नव्हती. उलट थंड प्रदेशांतल्या शेतीला तिचा फायदाच होईल, असे तो मानत होता. पण त्याचे गणित मात्र विलक्षण निघाले. पाऊण शतकानंतर आधुनिक नोंदी आणि संगणक वापरून तोच हिशोब पुन्हा मांडला, तेव्हा कॅलेंडरच्या हाताने काढलेल्या आलेखाशी तो जवळपास जुळला.

आज आपण ज्याला ‘दीड अंश’ म्हणतो, तो याच आलेखावरचा पुढचा एक टप्पा आहे. आणि तो ऐकल्यावर मनात येणारी शंकाही तेव्हासारखीच आहे. पुण्यात जानेवारीच्या पहाटे बारा अंश असतात आणि त्याच दिवशी दुपारी तीस. अठरा अंशांचा हा चढ आपण रोज सहज सोसतो, मग दीड अंशाचे एवढे काय? शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर शोधत गेले, की ही सरासरी नावाची गोष्ट किती विलक्षण आहे ते कळू लागते.

पहिली गोष्ट म्हणजे, जगाचे तापमान दाखवणारा तापमापक कुठेच नाही. ते हिशोब करून काढावे लागते, आणि तो हिशोब मोठ्या हुशारीने करतात. समजा, आपल्याकडे दोनच केंद्रे आहेत, मुंबई आणि महाबळेश्वर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच असल्यामुळे ते मुंबईपेक्षा बरेच थंड. दोन्हींची थेट सरासरी काढली आणि एखाद्या वर्षी महाबळेश्वरचा तापमापक बिघडला, तर उरलेल्या आकड्यात फक्त मुंबई राहील आणि काहीच घडलेले नसताना ‘तापमान वाढले’ असे दिसेल. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या सरासरीशी करतात. मुंबईचा हा मे महिना मुंबईच्या नेहमीच्या मेपेक्षा किती वेगळा, महाबळेश्वरचा महाबळेश्वरच्या मेपेक्षा किती वेगळा, एवढेच पाहायचे. दोन गावांचे तापमान कितीही निराळे असले, तरी हा फरक शेजारच्या गावांत, किंबहुना शेकडो किलोमीटरपर्यंत, बराचसा सारखा असतो. त्यामुळे दोन केंद्रांच्या मधली रिकामी जागा विश्वासाने भरता येते. पृथ्वीवर चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनातला फरक काढायचा, चौकोनाच्या क्षेत्रफळाप्रमाणे त्याला वजन द्यायचे आणि मग सगळ्यांची सरासरी काढायची. दीड अंश हा असा फरकांच्या सरासरीचा आकडा आहे. तुलनेसाठी धरतात तो काळ १८५० ते १९०० हा. कारखान्यांचा धूर तेव्हा वाढू लागला होता, पण हवेतली भर अजून थोडी होती, आणि जगभरच्या नोंदी पुरेशा मिळू लागतात त्या तिथूनच.

या नोंदींत खोटही असते. केंद्र एका जागेहून दुसरीकडे हलते, भोवती शहर वाढते, उपकरण बदलते. सगळ्यांत मोठी खोट समुद्रावरच्या नोंदींत सापडली. पूर्वी खलाशी कापडी किंवा लाकडी बादलीने समुद्राचे पाणी वर ओढून त्याचे तापमान मोजत. बादली डेकवर येईपर्यंत वाऱ्याने थोडे पाणी उडून जाई आणि उरलेले थंड होई. पुढे जहाजाच्या इंजिनात येणाऱ्या पाण्याचे तापमान मोजू लागले आणि ते किंचित जास्त भरे. म्हणजे जुना समुद्र होता त्यापेक्षा थंड नोंदला गेला होता. ही चूक दुरुस्त केल्यावर जुना आकडा वर सरकतो आणि एकूण तापमानवाढ कमी दिसू लागते. शास्त्रज्ञ आकडे फुगवतात असा आरोप अधूनमधून होतो; जगाच्या सरासरीत सगळ्या दुरुस्त्यांचा एकत्र परिणाम मात्र वाढ थोडी कमी दाखवण्याचाच आहे.

आता त्या शंकेकडे येऊ. पुण्यात अठरा अंशांचा चढ सहज होतो, कारण त्या वेळी पृथ्वीवर दुसरीकडे कुठेतरी तितकाच उतार चालू असतो. पुण्यात दुपार असताना मेक्सिकोत मध्यरात्र असते, आपल्याकडे हिवाळा असताना ऑस्ट्रेलियात उन्हाळा. वारे आणि ढग ही उष्णता इकडून तिकडे नेत राहतात आणि सरासरीत हे सगळे चढउतार एकमेकांना खोडून टाकतात. सरासरी वर सरकायची असेल, तर पृथ्वीच्या एकूण साठ्यात बाहेरून भर पडावी लागते. सूर्याकडून येणारी आणि अवकाशात परत जाणारी उष्णता यांचा मेळ बिघडावा लागतो.

तो आज किती बिघडला आहे? दर चौरस मीटरमागे साधारण एक वॅट. घरातल्या रात्रीच्या छोट्या दिव्याएवढीही नाही ही शक्ती. पण पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. तेवढ्या पृष्ठभागावर, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे हा एकेक वॅट साठत राहिला, तर होणारी बेरीज साऱ्या मानवजातीच्या एकूण ऊर्जावापराच्या वीसपटींच्या घरात जाते. वीजघरे, गाड्या, विमाने, कारखाने, चुली, सगळे धरून जेवढी ऊर्जा आपण वापरतो, तिच्या वीसपट उष्णता या ग्रहावर दर क्षणी जमा होते आहे. तिचा सुमारे नव्वद टक्के भाग समुद्र गिळतो. समुद्राच्या वरच्या अवघ्या तीन-एक मीटरच्या थराला एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सगळे वातावरण एक अंशाने तापते. आणि समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून जास्त आहे. एवढा प्रचंड साठा समोर असूनही हवेचा आकडा जवळपास दीड अंशाने वर गेला, यावरून आत किती उष्णता मुरली असेल त्याचा अंदाज करावा. दशांश चिन्हामागे दडलेले वजन ते हेच.

उलट दिशेने पाहिले तर हे वजन आणखी स्पष्ट दिसते. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीची सरासरी आजच्यापेक्षा सुमारे सहा अंशांनी कमी होती. सहाच अंश! पण तेवढ्याने जवळजवळ सगळा कॅनडा आणि उत्तर युरोप काही किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली गाडला गेला होता. त्या बर्फात इतके पाणी अडकले होते, की जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, जिथे आज ‘बॉम्बे हाय’च्या तेलविहिरींचे फलाट लाटांत उभे आहेत, तिथे पाणी साधारण पाऊणशे मीटर खोल आहे. म्हणजे त्या काळी ती कोरडी जमीन होती. कोकणचा किनारा तिच्याही पलीकडे होता. ठाण्याला उभ्या असलेल्या माणसाला समुद्र पाहायला कित्येक दिवस पश्चिमेकडे चालत जावे लागले असते. जगाच्या नकाशात एवढी उलथापालथ सहा अंशांत झाली. दीड अंश म्हणजे त्या सहाचा चौथा हिस्सा, आणि तोही उबदार काळाच्या वर चढलेला. हिमयुगातून बाहेर येताना पृथ्वीला ते सहा अंश चढायला सुमारे दहा हजार वर्षे लागली, म्हणजे सरासरीने हजार वर्षांत अर्धा-पाऊण अंश. आज आपण दर दहा वर्षांत ०.२ अंश किंवा त्याहून थोडे अधिक चढत आहोत. झाडे, पिके, नद्यांकाठची गावे यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तोच आता मिळत नाही.

सरासरी थोडी सरकली की टोकाला काय होते, ही या विषयातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. ती नीट कळावी म्हणून एक काल्पनिक गाव घेऊ. या गावात मे महिन्यातले दुपारचे तापमान सरासरी ४० अंश आहे. रोजचे तापमान त्याच्या आसपास खाली-वर होते. तीनपैकी दोन दिवस ते ३८ ते ४२ च्या मध्ये असते. असे दिवस आलेखावर मांडले, तर घंटेसारखा आकार दिसतो, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना झपाट्याने उतरत जाणारा. अशा गावात ४५ अंशांच्या वरचे दिवस हजारात सहा येतात. मे महिन्याचे हजार दिवस म्हणजे साधारण बत्तीस वर्षे. म्हणजे असा दिवस पाच-सहा वर्षांतून एकदा उगवतो आणि लोक त्याची आठवण काढत राहतात.

आता फक्त सरासरी दीड अंशाने सरकवू. ४० ची ४१.५ झाली, बाकी काही बदलले नाही, घंटेचा आकारही तोच. पहिल्यांदा साधे दिवस पाहू. ४० च्या वरचे दिवस पूर्वी निम्मे होते, ते आता हजारात ७७० च्या आसपास गेले, म्हणजे दीडपट. ४५ च्या वरचे दिवस मात्र हजारात सहाचे चाळीस झाले. पाच-सहा वर्षांतून एकदा येणारा दिवस आता दर वर्षी एकदा तरी येतो. आणि ४६ च्या वरचे, जे पूर्वी हजारात एक-दीडच होते, ते बारा झाले, जवळपास नऊपट. जितका दिवस दुर्मीळ, तितकी त्याची पट मोठी. कारण घंटेची बाजू टोकाजवळ पातळ असते. ती जराशी सरकली, तरी जिथे आधी जवळजवळ काहीच नव्हते, तिथे दाटी होते. आणि माणसे दगावतात, विजेची मागणी कोलमडते, गव्हाचा दाणा भरत नाही, ते याच टोकाच्या दिवसांत.

खऱ्या जगातही हेच दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालाने १८५०-१९०० च्या काळात पन्नास वर्षांतून एकदा येणारी उष्णतेची लाट प्रमाण धरली. जग दीड अंशाने तापले, की तशी लाट येण्याची शक्यता साडेआठपटींहून जास्त होते. दोन अंशांना ती जवळपास चौदापट. मधला फरक अर्ध्या अंशाचा.

शिवाय जमीन आणि समुद्र सारखे तापत नाहीत. समुद्राचे पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कोरड्या जमिनीला ती सोय नसते. २०११ ते २०२० या दशकात जगाची सरासरी १.०९ अंशाने वाढली होती. त्यात समुद्र सुमारे ०.९ ने आणि जमीन जवळपास १.६ ने तापली. म्हणजे दीड अंशाच्या जगात आपण जिथे राहतो ती जमीन दोन अंश ओलांडून गेलेली असते. भारताचा आकडा मात्र काहीसा कमी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये निघालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाची सरासरी सुमारे ०.७ अंशाने वाढली. याचे एक कारण आपल्या हवेतल्या धुराचे आणि धुळीचे कण आहेत. ते काही ऊन परत फेकतात. हवा स्वच्छ करणे तर हवेच, पण ती स्वच्छ झाल्यावर हे पातळ छत्र उडेल आणि मागे दबलेली उष्णता पुढे येईल, हे लक्षात ठेवूनच उन्हाळ्याची तयारी करायला हवी.

उन्हाइतकाच पाऊसही या लहान आकड्याच्या ताब्यात आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. दीड अंशाला ती दहा टक्क्यांच्या पुढे जाते. यावरून वाटेल, की पाऊस सगळीकडे दहा टक्के वाढेल. तसे होत नाही. पाणी उडायला उष्णता लागते आणि तिचा पुरवठा तेवढ्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे जगाचा एकूण पाऊस अंशामागे दोन-तीन टक्केच वाढतो. हवेचे भांडे झपाट्याने मोठे होते, ते भरणारी धार मात्र हळूच वाढते. परिणामी ते भरायला जास्त दिवस लागतात, आणि भरले की एकदम ओतले जाते. मधे लांब उघाडी, मग ढगफुटीसारखा पाऊस.

आपल्या मॉन्सूनमध्ये हे उतरलेले दिसते. पुण्याच्या त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेशापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या, आणि मध्य भारताचा एकूण मॉन्सूनचा पाऊस मात्र त्याच काळात घटत होता. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्प त्यांना याच्या मुळाशी सापडले. वर्षअखेरीचा आकडा पाहणाऱ्याला हे कळणारच नाही. शेतकऱ्याला कळते, कारण त्याच्या पेरणीनंतर तीन आठवडे थेंब पडत नाही आणि मग एका रात्रीत बांध फुटतो.

मग नेमका दीडच का? निसर्गाने तिथे काही रेघ मारलेली नाही. पूर्वीच्या वाटाघाटींत दोन अंशांची मर्यादा बोलली जात होती. दोन अंशांना आपली भूमीच राहणार नाही, असे सखल बेटांच्या देशांनी वर्षानुवर्षे लावून धरले, म्हणून २०१५ च्या पॅरिस करारात वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर थोपवण्याचा प्रयत्न करायचा, असे शब्द आले. मधल्या अर्ध्या अंशात खरोखर काही फरक पडतो का, हे तपासून आयपीसीसीने २०१८ मध्ये स्वतंत्र अहवाल काढला. त्यातले एक उत्तर प्रवाळांविषयी होते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला अन्न देते आणि रंगही. पाणी तिथल्या नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा फक्त एका अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडून उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. त्या अहवालाप्रमाणे दीड अंशाच्या जगात उष्ण समुद्रांतली ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती नष्ट होईल, दोन अंशांच्या जगात ९९ टक्क्यांहून अधिक. पहिल्या बाबतीत पुन्हा उगवायला काहीतरी बियाणे उरते, दुसऱ्या बाबतीत जवळजवळ नाही. मालवणच्या समुद्रातल्या आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही हाच हिशोब लागू आहे.

२०२४ हे वर्ष दीड अंशाच्या वर गेलेले पहिले वर्ष ठरले. जागतिक हवामान संघटनेने सहा वेगवेगळ्या नोंदींवरून काढलेला आकडा १.५५ आहे, त्यात ०.१३ इकडेतिकडे होऊ शकते. पण म्हणून पॅरिसची मर्यादा त्या वर्षी ओलांडली गेली, असे होत नाही. ती मर्यादा वीसेक वर्षांच्या सरासरीने मोजतात, कारण एखाद्या वर्षी पॅसिफिकमधला एल निनो आकडा वर ढकलतो आणि पुढे ला निना तो जरा खाली आणते. दीर्घ सरासरी २०२४ मध्ये दीडच्या थोडी खाली होती. सध्याच्या वेगाने ती याच दशकाच्या शेवटी किंवा पुढच्याच्या सुरुवातीला दीड ओलांडेल.

ओलांडली म्हणजे सगळे संपले, असे मात्र नाही. वरच्या घंटेच्या आलेखात दीडवर कुठेही कडा नव्हता. प्रत्येक दशांशाला टोकाचे दिवस वाढतात आणि थोपवलेल्या प्रत्येक दशांशाला ते वाढायचे थांबतात. हवेत दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइड गेला, की सरासरी सुमारे ०.४५ अंशाने वाढते, हे नाते आश्चर्य वाटावे इतके सरळ आहे. जग सध्या वर्षाला सुमारे ४० अब्ज टन सोडते. भागाकार करून पाहा : वर्षाला ०.०१८ अंश, दहा वर्षांना जवळपास ०.२, म्हणजे तापमापक दाखवतात तोच वेग. ०.१ अंश म्हणजे साऱ्या जगाचा साडेपाच वर्षांचा धूर. ही भर निव्वळ शून्यावर आली, की तापमानाची चढण जवळपास तिथेच थांबते, हेही याच नात्यातून निघते. चढलेले तापमान मात्र शतकानुशतके उतरत नाही, आणि समुद्र त्यानंतरही वाढत राहतो.

म्हणून बातमीत १.५ च्या जागी १.६ किंवा १.७ दिसले, तर दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा सोडून देऊ नका. आपल्या अंगणातल्या तापमापकावर तो नगण्य आहे, पण पृथ्वीच्या सरासरीत तोच मोठा आकडा आहे, आणि तो किती असेल हे अजून आपल्या हातात आहे.